रिमाइंडर गिळून टाकणाऱ्या बॅटरी सेव्हरबद्दल फोन कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
भारतात अँड्रॉइड फोन विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे सॉफ्टवेअर विभाग

महोदय, महोदया,

हे पत्र मी नागपूरहून, प्रतापनगरातून लिहिते आहे. मिहानमधल्या एका कंपनीत अँड्रॉइडची अ‍ॅप लिहिणे हे माझे रोजचे काम, त्यामुळे खाली जे मांडते ते ऐकीव नाही. पण पत्र लिहिण्याचे कारण नोकरी नव्हे. माझ्या बाबांना पार्किन्सन आहे. लेव्होडोपाची गोळी त्यांना सकाळी ६ पासून दर चार तासांनी लागते. या औषधाचा असर फार काळ टिकत नाही, तो ओसरला की शरीर आखडू लागते. गोळीला तास-सव्वा तास उशीर झाला तर बाबांना पलंगावरून उठता येत नाही, शर्टाची बटणे लावता येत नाहीत, बोलणेही पुटपुटल्यासारखे होते. पुढची गोळी वेळेवर दिली तरी विस्कटलेला दिवस लगेच सावरत नाही. इतर आजारांत 'थोडं मागेपुढे चालतं' म्हणता येते, इथे नाही.

म्हणून त्यांच्या फोनवर गोळ्यांची आठवण देणारे अ‍ॅप आहे. आणि ते अ‍ॅप कधी उशिरा वाजते, कधी वाजतच नाही. फोन नवा, अ‍ॅप चांगले, वेळा बरोबर भरलेल्या. कोणत्या कंपनीचा फोन ते मुद्दाम लिहीत नाही. ओळखीतल्या घरांतून वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर हेच पाहिले आहे, त्यामुळे एकीचे नाव घेऊन बाकीच्यांना मोकळे सोडायचे नाही.

बॅटरी वाचवण्याला माझा विरोध नाही. माझ्याच धंद्यातल्या लोकांनी नको तेव्हा फोन जागे ठेवणारी अ‍ॅप लिहिली, म्हणून तुम्हाला कुलपे लावावी लागली, हे मान्य. पण दिवसातून पाच वेळा वाजणारा गजर बॅटरी खात नाही. माझी तक्रार कुलपाबद्दल आहे तितकीच त्याच्या गुपचूपपणाबद्दल आहे. तुमचा फोन माणसाने सांगितलेले काम रद्द करतो आणि ते त्याला कळवत नाही.

तक्रार पहिली : उशिरा वाजणे

२०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आले. फोन चार्जरला लावलेला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि फोन एका जागी पडून असेल, तर काही वेळाने तो गाढ झोपेत जातो. या झोपेत अ‍ॅपना इंटरनेट मिळत नाही आणि त्यांनी लावलेले साधे गजर पुढे ढकलले जातात. मधून मधून फोन थोडा वेळ जागा होतो, साचलेले उरकतो आणि परत झोपतो. मूळ अँड्रॉइडच्या कोडमध्ये पहिली झोप साधारण १ तासाची आहे, त्यानंतरची दुप्पट, त्यानंतरची तिच्या दुप्पट, अशी जास्तीत जास्त ६ तासांपर्यंत. तुम्ही हे आकडे बदलू शकता आणि बदलताही. म्हणजे रात्री अकराला टेबलावर ठेवलेला फोन पहाटेपर्यंत चांगल्याच लांब झोपेत शिरलेला असतो, आणि बाबांची पहिली गोळी नेमकी त्याच वेळी असते.

आमच्याकडे व्हायचे असे. सहाला काहीच वाजायचे नाही. सव्वासातला बाबा कसेबसे हात लांबवून फोन उचलत, आणि उचलताक्षणी सहाची आठवण ठणठणायला लागे. आई वैतागून म्हणायची, "हा फोन माणसाला नाही उठवत, माणूसच याला उठवून राहिला." निदान तिने अचूक केले होते. फोन हलला किंवा स्क्रीन लागली की डोझ संपते आणि अडवून ठेवलेले सगळे एकदम बाहेर पडते. आठवण जर रोज फोन हातात घेण्याच्या क्षणीच वाजत असेल, तर अ‍ॅपला दोष देण्याआधी डोझचा संशय घ्यावा.

आता यातली मेख. बाबांचे अ‍ॅप अधूनमधून अगदी वेळेवर वाजायचे. त्यामुळे कुणाला सांगावे तर ऐकणारा म्हणायचा, "मग बिघाड कसा असेल?" मी त्या दिवसांकडे नीट पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. भाऊ पुण्याहून रात्रीच्या गाडीने यायचा असला की आई बाबांच्याच फोनवर, घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये, पावणेसहाचा गजर लावून ठेवायची. त्या दिवशी गोळीची आठवण बरोबर ६ ला वाजायची. हा योगायोग नव्हता. घड्याळाच्या गजरासाठी फोन थोडा आधीच डोझमधून बाहेर येतो, मग आई तो हातात घेऊन बंद करते, आणि पंधरा मिनिटांत फोन पुन्हा तितक्या गाढ झोपेत जात नाही. एका गजराने दुसऱ्याला जागे ठेवले.

घड्याळाला ही सवलत मिळते आणि गोळीच्या अ‍ॅपला मिळत नाही, कारण अ‍ॅप लिहिणारा सिस्टिमकडे अचूक वेळेचा गजर तीन प्रकारे मागू शकतो. `setExact` असे मागितले तर नावात अचूकपणा असूनही डोझमध्ये तो पुढे ढकलला जातो. `setExactAndAllowWhileIdle` असे मागितले तर डोझमध्येही वाजतो, फक्त एका अ‍ॅपला साधारण ९ मिनिटांतून एकदाच. आणि `setAlarmClock` असे मागितले तर सिस्टिम त्याला माणसाने लावलेला खरा गजर मानते आणि त्यासाठी झोप मोडते. या तिसऱ्या प्रकाराची खूण सामान्य माणसालाही दिसते. गजर लावल्यावर बहुतेक फोनवर वरच्या पट्टीत घड्याळाचे बारीक चिन्ह येते आणि लॉक स्क्रीनवर पुढच्या गजराची वेळ दिसते. तुमच्या औषधाच्या अ‍ॅपने आठवण लावल्यावर हे चिन्ह आले नाही, तर ते अ‍ॅप या तिसऱ्या प्रकारावर चालत नाही असे समजा.

रात्रभर वाट पाहायला नको म्हणून मी बाबांचा फोन लॅपटॉपला जोडून डोझ मुद्दाम लावली. तुमच्या विभागांनाही हे करायला दोन मिनिटे लागतील. पुढच्या काही मिनिटांतली आठवण लावा, स्क्रीन बंद करा आणि हे द्या:

```
adb shell dumpsys battery unplug
adb shell dumpsys deviceidle force-idle
```

पहिल्या ओळीमुळे फोन आपण चार्जरवर नाही असे मानतो, दुसरीमुळे झोपतो. ठरलेली वेळ आली आणि गेली. शांतता. मग जागे केले:

```
adb shell dumpsys deviceidle unforce
adb shell dumpsys battery reset
```

आठवण लगेच वाजली. त्यानंतर अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर जाऊन बॅटरीचा पर्याय `Optimised` वरून `Unrestricted` केला आणि तीच चाचणी परत घेतली. या वेळी झोपलेल्या फोनवरही ती वेळेवर वाजली. गूगलने ठेवलेले कुलूप होते, त्याची किल्लीही गूगलने ठेवली होती. ती चार पडद्यांआड आहे हे वेगळे, पण आहे. इथपर्यंतच मामला असता तर हे पत्र मी तुम्हाला लिहिले नसते.

तक्रार दुसरी : न वाजणे

काही दिवसांनी आठवण पूर्णच बंद पडली. उशिरा नाही, फोन उचलल्यावरही नाही. बाबांनी एका दुपारी सहज अ‍ॅप उघडले आणि त्या क्षणापासून पुढच्या आठवणी पुन्हा सुरू झाल्या. ही लक्षणे पहिल्यापेक्षा वेगळी आहेत आणि कारणही वेगळे आहे. डोझमध्ये गजर अडतो, पण यादीत असतो. इथे गजर यादीतूनच पुसला गेला होता.

यादी पाहता येते. अ‍ॅपचे पॅकेज नाव घालून:

```
adb shell dumpsys alarm | grep com.example.app
```

आधी पाहिले तेव्हा त्या अ‍ॅपच्या ओळी होत्या. मग मी तेच केले जे बाबा रोज करतात. उघडलेल्या अ‍ॅपच्या खिडक्यांची रांग आणली आणि खालचे 'सगळे साफ करा' हे बटण दाबले. परत यादी पाहिली. पुढच्या गजराची एकही ओळ नाही. आणि लक्षात घ्या, हे अ‍ॅप तेव्हा `Unrestricted` होते.

ज्यांना आतले माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप थांबवण्याचे दोन प्रकार आहेत. एक, मेमरी हवी म्हणून सिस्टिम अ‍ॅपला बाजूला करते. त्यात गजर शाबूत राहतात, वेळ आली की सिस्टिम अ‍ॅपला पुन्हा उठवते. दुसरा, `Force stop`. त्याचा अर्थ, 'मी स्वतः उघडेपर्यंत हे अ‍ॅप अजिबात चालू नये.' त्यात लावलेले सगळे गजर रद्द होतात आणि फोन बंद करून चालू केला तरी अ‍ॅपला खबर दिली जात नाही. मूळ अँड्रॉइडमध्ये रांगेतून अ‍ॅप सरकवून टाकणे म्हणजे `Force stop` नव्हे. ते नुसते खिडकी बंद करणे आहे. तुमच्यापैकी अनेकांनी या दोन गोष्टी एक करून टाकल्या. बाबांना वाटते आपण फोन 'हलका' करतो आहोत. प्रत्यक्षात ते आपल्या गोळ्यांचे वेळापत्रक पुसत असतात, आणि तसे करायला त्यांना फोनच सुचवत असतो. 'काही अ‍ॅप जास्त बॅटरी वापरत आहेत, बंद करायची का?' अशी सूचना तुमचा फोन अधूनमधून देतो. सत्तरीतला माणूस अशा प्रश्नाला 'होय' म्हणतो, कारण विचारणारा अधिकाराने विचारतो. त्या यादीत औषधाचे अ‍ॅप आहे आणि 'होय' म्हटल्यावर आठवणी बंद होतील, हे त्या चौकटीत कुठेच लिहिलेले नसते.

याचेच दुसरे तोंड म्हणजे फोन पुन्हा सुरू होणे. फोन बंद झाला की लावलेले सगळे गजर पुसले जातात. हे सगळ्याच अँड्रॉइड फोनवर होते आणि त्यात गैर काही नाही, कारण फोन सुरू झाल्यावर सिस्टिम अ‍ॅपना तसा निरोप देते आणि ती आपापले गजर नव्याने लावतात. पण तुमच्यापैकी काहींनी इथे `Autostart` नावाचा एक दरवाजा बसवला आहे आणि बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपसाठी तो मुळात बंद असतो. निरोप पोचतच नाही. मे महिन्यात दुपारी वीज गेली, फोन उतरला, संध्याकाळी चार्जिंगला लावून सुरू केला, की त्या क्षणापासून बाबांच्या आठवणी गेल्या. पुढे कुणीतरी अ‍ॅप उघडेपर्यंत गेल्याच.

तक्रार तिसरी : परवानग्या, ज्या गळून पडतात

ही थोडक्यात, कारण यातला मोठा भाग गूगलचा आहे. अँड्रॉइड १२ पासून अचूक वेळेचा गजर लावायला `Alarms & reminders` ही वेगळी परवानगी लागते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅपना ती आपोआप मिळत नाही. घड्याळ आणि कॅलेंडर हेच ज्यांचे मुख्य काम आहे त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे, बाकीच्यांनी मागायची. जुन्या फोनवरून नव्या फोनवर सगळे उतरवून घेतले तर अ‍ॅप येते, त्यातल्या वेळा येतात, ही परवानगी मात्र येत नाही. चांगले अ‍ॅप उघडल्याबरोबर ती मागते. कच्चे अ‍ॅप मुकाट्याने अंदाजे वेळेच्या गजरावर उतरते आणि कमी-जास्त उशिराने वाजत राहते.

शिवाय काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपला फोन निजवून ठेवतो. यात 'वापरणे' कशाला म्हणतात ते पाहा. आठवण आली आणि तुम्ही ती नुसती बाजूला सरकवली, तर तो वापर धरला जात नाही. गोळी घेऊन सूचना सरकवणे हाच ज्याचा रोजचा वापर, त्या माणसाचे अ‍ॅप फोनच्या हिशेबात पडीक. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर `Pause app activity if unused` असे एक बटण असते, कुठे शब्द थोडे वेगळे. ते बंद केल्याशिवाय यातून सुटका नाही.

तक्रार चौथी : एका सेटिंगचे दहा पत्ते

सॅमसंगच्या फोनवर `Sleeping apps`, `Deep sleeping apps` आणि कधीच न निजवण्याच्या अ‍ॅपची तिसरी यादी. शाओमीवर `Autostart` एका ठिकाणी आणि `No restrictions` दुसऱ्या ठिकाणी. ओप्पो आणि रियलमीवर आपोआप सुरू होणे आणि मागे चालत राहणे यांच्या परवानग्या वेगळ्या. विवोवर बॅटरीच्या पानात मागे चालणाऱ्या अ‍ॅपची आणखी एक यादी. अपडेट आले की यातली नावे आणि जागा बदलतात. बाबांच्या फोनवर एका अपडेटनंतर मी दिलेली मोकळीकच परत काढून घेतलेली सापडली.

हे कुणाला विचारायचे? सीताबर्डीतल्या एका दुकानात मी फोन दाखवला. दुकानदार सज्जन होता. त्याने दोन मिनिटांनंतरची आठवण लावली, फोन हातात धरून बसला, आठवण वाजली. "पाहा ना मॅडम, वाजून तर राहिलं!" वाजणारच. फोन हातात, स्क्रीन नुकतीच बंद, अ‍ॅप नुकतेच उघडलेले. अशा चाचणीत प्रत्येक फोन पास होतो. तुमच्या सेवा केंद्रांतही नेमकी हीच चाचणी घेऊन फोन 'ओके' म्हणून परत दिला जातो. खरी चाचणी रात्रीची आहे. फोन चार्जरवरून काढून टेबलावर ठेवायचा, पहाटे पाचची आठवण लावायची, रांग साफ करून टाकायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. वाजली का, आणि नसेल तर कधी आली, ते सकाळी पाहायचे. उचलताना आली तर पहिली तक्रार, अ‍ॅप उघडल्याशिवाय आलीच नाही तर दुसरी.

धंतोलीतल्या न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या लोकांशी बोलताना कळते की यातली बरीच मंडळी 'फोनचं काही खरं नाही' म्हणून पुन्हा कागदावर आली आहेत. कागद वाईट नाही. पण तो पहाटे हाक मारत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी, तुमची वाट न पाहता आमच्या घरी जे केले ते सांगते. गोळ्यांचे पाचही गजर फोनसोबत आलेल्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये लावले, रोज वाजणारे, प्रत्येकाला गोळीचे नाव दिलेले. ते अ‍ॅप सिस्टिमचेच असल्याने तुमची साफसफाई त्याला सहसा हात लावत नाही, आणि गजर खऱ्या प्रकारचा असल्याने डोझ त्याला अडवत नाही. औषधाचे अ‍ॅप ठेवले आहे, पण गोळी घेतल्याची नोंद करायला. त्याला `Unrestricted` दिले, जिथे आहे तिथे `Autostart` दिले, `Alarms & reminders` चालू केले, न वापरल्यास थांबवण्याचे बटण बंद केले. रांगेत त्या अ‍ॅपच्या खिडकीला कुलपाचे चिन्ह लावता येते ते लावले, म्हणजे 'साफ करा'तून ते वाचते. रात्री फोन चार्जरवर असतो, कारण चार्जरवरचा फोन डोझमध्ये जात नाही. अपडेट आले की हे सगळे पुन्हा तपासते. आणि एक गोष्ट नागपूरकरांसाठी. औषधाची बरीच अ‍ॅप सूचनेच्या आवाजात वाजतात, गजराच्या नाही. या दोन आवाजांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर घरघरत असताना सूचनेची ती 'टुण' पलंगापर्यंत पोचत नाही. ती न पोचणे तुमच्या खात्यावर मांडत नाही, पण वाचणाऱ्यांनी गजराची पट्टी वर करून ठेवावी.

आता मागण्या.

१. रांगेतून अ‍ॅप काढणे किंवा 'साफ करा' दाबणे याला `Force stop` मानणे बंद करा. निदान ज्या अ‍ॅपने पुढचा गजर लावून ठेवला आहे त्याला तरी वगळा. गजरांची यादी सिस्टिमकडे असतेच, ती पाहायला तुम्हाला वेगळे काही बांधावे लागणार नाही.

२. माणसाने `Alarms & reminders` ही परवानगी दिली असेल, तर फोन सुरू झाल्यावर त्या अ‍ॅपला निरोप मिळालाच पाहिजे. वेळेवर वाजण्याची परवानगी एका पानावर द्यायची आणि सुरू होण्याची दुसऱ्या पानावर नाकारायची, याला काही अर्थ नाही.

३. गजर ढकलला किंवा पुसला तर सांगा. 'सकाळी ६ ची आठवण बॅटरी बचतीमुळे ७:१५ ला वाजली, पुढे वेळेवर हवी असल्यास इथे दाबा' एवढी एक ओळ, मराठी निवडलेल्या फोनवर मराठीत. 'ही अ‍ॅप बंद करायची का' असे विचारताना त्यात गजर लावलेले अ‍ॅप असेल तर त्याच चौकटीत तसे लिहा. बाकी काही जमले नाही तरी ही मागणी आधी घ्या, कारण चूक कळली तर घरातले कुणीतरी ती दुरुस्त करू शकते.

४. वापरणाऱ्याने स्वतः दिलेली मोकळीक अपडेटमध्ये काढून घेऊ नका.

५. सेवा केंद्रात आठवणीची तक्रार आली तर हातात धरलेल्या फोनवर नव्हे, वर दिलेल्या आज्ञांनी झोपवलेल्या फोनवर तपासायची, हे तिथल्या माणसांना शिकवा.

आणि माझ्याच पेशातल्या, औषधांची अ‍ॅप लिहिणाऱ्यांना एवढेच: गोळीची आठवण ही गजर आहे, सूचना नव्हे. `setAlarmClock` वापरा. फोन मध्यरात्री अपडेट होऊन सुरू झाला आणि पिन टाकायला कुणी जागे नसेल, तर पहिल्यांदा उघडेपर्यंत तुमचे अ‍ॅप चालणार नाही. त्यासाठी `LOCKED_BOOT_COMPLETED` ऐका आणि वेळा अशा जागी ठेवा की फोन उघडण्याआधी वाचता येतील. परवानगी नसेल तर पडद्यावर ठळक सांगा, अंदाजे गजरावर मुकाट उतरू नका.

या पत्राला पत्राने उत्तर नको. पुढच्या अपडेटबरोबर जी बदलांची यादी देता, तिच्यात पहिल्या तीन मागण्यांपैकी कोणती घेतली ते लिहा. अपडेट आल्यावर मी बाबांच्या फोनवर हीच चाचणी पुन्हा घेईन आणि जे दिसेल ते असेच उघडपणे लिहीन.

आपली,
एक ग्राहक
प्रतापनगर, नागपूर